आत्याची वाकळ

माघ महिन्यात आतेभाऊ पुण्याला कामासाठी आला, तेव्हा त्याच्या हातात एक मोठं गाठोडं होतं. पांढऱ्या फडक्यात बांधलेलं, चारही टोकांची गाठ अशी घट्ट की सोडवायला मला दोन्ही हातांची नखं लावावी लागली. आत वाकळ होती. आम्ही पुण्यात गोधडी म्हणतो, पण आत्याच्या तोंडी वाकळच. "आईनं दिलीय, तुझ्या लेकीला," एवढं सांगून तो चहा घेऊन निघून गेला. त्याला परतीची एसटी गाठायची होती.

आत्या कोरेगाव तालुक्यात राहते. वय शहात्तर. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं ती पुढं ढकलते आहे. दिवाळीत आम्ही गेलो होतो तेव्हा माझी लेक रात्री खोकत होती आणि आत्या दोनदा उठून तिच्याजवळ येऊन बसली होती. "पोरीला गारठा बाधतो," असं ती सकाळी आईला म्हणाली, ते मी ऐकलं होतं. त्याच महिन्यात तिनं जुन्या ट्रंकेतली लुगडी बाहेर काढली. म्हणजे ही वाकळ माझ्या मुलीच्या खोकल्यासाठीच शिवली गेली होती. आणि नेमकी त्या खोकल्यामुळेच मुलगी ती पांघरू शकत नव्हती.

मी ती हॉलमध्ये फरशीवर पसरली. सात फूट लांब, पाच फूट रुंद. नंतर तिला कवेत घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले, मग एकटी उभी राहिले. फरक साडेतीन किलोंचा आला. वरच्या बाजूला आत्याची जांभळी सुती साडी, खालच्या बाजूला आजोबांचं धोतर, आणि मध्ये कापडाचे थर, किती ते कडेवरून मोजता येईना. एका कोपऱ्यात हिरव्या इरकली लुगड्याचा तुकडा वर लावला होता. त्याला मी हात लावला आणि तिथंच खाली बसले. चुलीतली ठिणगी उडून पडलेलं भोक आणि त्यावर घातलेला काळ्या दोऱ्याचा रफू. लहानपणी आजीच्या मांडीवर बसून मी त्या रफूत बोट घालत असे आणि ती हात बाजूला सारत असे. आजी जाऊन एकवीस वर्षं झाली. तो रफू शाबूत होता.

धावदोऱ्याच्या ओळी कडेकडेनं सुरू होऊन चौकटीचौकटीनं आत आल्या होत्या. मी वीतभर अंतरात टाके मोजले, बावीस भरले. दोन ओळींत जेमतेम बोटाचं अंतर. सगळ्या ओळी सरळ होत्या, फक्त मधल्या भागात एक ओळ वाट चुकल्यासारखी वर चढली होती आणि हातभर गेल्यावर पुन्हा जागेवर आली होती. आतेभावानं चहा पिताना सांगितलं होतं की आत्याला आता सुईत दोरा ओवता येत नाही. नातू सकाळी शाळेला निघण्याआधी दहा सुयांत दोरे ओवून उशीला टोचून ठेवतो. त्या दहा संपल्या की त्या दिवसाचं काम बंद.

आता लेकीच्या दम्याचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ती सात वर्षांची असताना तिची ॲलर्जीची चाचणी केली. हाताच्या आतल्या बाजूला निरनिराळ्या द्रावणांचे थेंब ठेवतात, प्रत्येक थेंबातून बारीक टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटं थांबतात. ज्याची ॲलर्जी असेल तिथं डास चावल्यासारखी गांध उठते, ती पट्टीनं मोजतात. तीन मिलिमीटर किंवा जास्त भरली तर ती धरायची. तिच्या हातावर घरातल्या धुळीतल्या किड्यांच्या जागी मोठी थोरली गांध उठली होती. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर ते जगतात आणि गादी, उशी, जाड पांघरूण, अशा ऊब आणि दमटपणा धरून ठेवणाऱ्या जागी राहतात. श्वासाला त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेमुळे. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की गादीला आणि उशीला दाट विणीची बंद खोळ घाला, चादरी दर आठवड्याला साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवा, आणि असं धुता येणार नाही ते मुलीच्या अंथरुणात ठेवूच नका.

तरीही मी त्या संध्याकाळी वाट शोधत होते. आमचं यंत्र सात किलोंचं. साडेतीन किलोंची वाकळ कोरडी असताना त्यात कोंबून बसली असती, पण इतके थर पाणी प्यायल्यावर ती नीट फिरलीच नसती. फिरली असती तरी साठ अंशांच्या पाण्यात जुन्या लुगड्याचा रंग गेला असता, आणि वीस-पंचवीस वर्षं अंगावर झिजलेलं सूत दर आठवड्याला असं पिळवटलं तर दोन महिन्यांत फाटलं असतं. पावसाळ्यात तर ती वाळणारच नाही. बाहेरून कोरडी लागते आणि आत ओल राहते, आणि ओल राहिली की बुरशी, जी दम्याला तितकीच वाईट. ऊन दाखवलं तर वरचा थर तापतो, मधल्या थरांपर्यंत ते पोचत नाही. कुणी म्हणतं फ्रीझरमध्ये ठेवा. त्यानं किडे मरतात, पण विष्ठा आतच राहते, म्हणजे शेवटी धुणं आलंच. गादीसारखी बंद खोळ शिवून त्यात ती घालावी असंही मनात आलं. पण साडेतीन किलोंचं, आवाज करणारं, आजीचं लुगडं न दिसणारं ते पांघरूण नऊ वर्षांच्या मुलीच्या अंगावर घालून काय साधलं असतं? रात्री नवरा म्हणाला, "एक दिवस पांघरली तर काय होतंय?" एक दिवस काही झालंही नसतं कदाचित. पण वाकळ एका दिवसासाठी शिवलेली नव्हती.

साडेनऊला आतेभावाचा मेसेज आला. "पोचलो. आई विचारतीय पोरीनं पांघरली का. फोटो पाठव."

तो मेसेज मी बराच वेळ उघडा ठेवून बसले. लेक आत झोपली होती. तिच्या अंगावर वाकळ टाकायची, एक फोटो काढायचा, लगेच उचलायची. अर्ध्या मिनिटाचं काम. कोरेगावात एक म्हातारी बाई तो फोटो शेजारणीला दाखवेल आणि सुखानं झोपेल. कुणाचंच नुकसान नाही, असं वाटतं. मला ते वाटलं नाही, कारण मी हे एकदा केलेलं आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मामींनी क्रोशानं विणलेलं लोकरीचं तोरण दिलं होतं. गडद गुलाबी, मध्ये मणी. आमच्या दाराला ते लावावंसं मला वाटलं नाही आणि नवऱ्यालाही नाही. पण फोनवर मी म्हणाले, "मामी, इतकं सुंदर आहे! दाराला शोभून दिसतंय." त्या वाक्यातला "दिसतंय" हा शब्द खोटा होता. पुढच्या दिवाळीला पिवळं तोरण आलं. मग हिरवं. मग आतल्या दारासाठी छोटं. मामींचे हात संधिवातानं आखडत चालले होते आणि त्या विणत होत्या, कारण मला आवडतं असं मीच त्यांना सांगितलं होतं. पाचव्या वर्षी त्या अचानक पुण्यात आल्या आणि खालून फोन केला, "वर येतेय." मी कपाट उघडून वरचं तोरण काढलं आणि लिफ्ट येईपर्यंत दाराला अडकवलं.

मामी दारात थांबल्या, वर पाहिलं. तोरणावर घडीच्या खुणा होत्या. चार वर्षं दाबून ठेवलेल्या लोकरीवर पडतात तशा, आडव्या तीन, स्पष्ट. त्यांनी हात वर करून एक खूण बोटानं सरळ करायचा प्रयत्न केला आणि आत आल्या. त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. जेवल्या, आशीर्वाद दिला, गेल्या. त्यानंतर त्यांच्याकडून विणलेलं काहीही आलं नाही, पाकीट येऊ लागलं. मामी आता नाहीत. पहिल्या वर्षी मी खरं सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी माझ्यासाठी दुसरं काही विणलं असतं, नाहीतर ती लोकर त्यांच्या सुनेच्या बाळाच्या टोपड्याला गेली असती. त्यांचे पाच हिवाळे मी माझ्या कपाटात घडी घालून ठेवले. याचं दुःख मला आजही होतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट लक्ष देऊन ऐकते. भेट देणारं माणूस दोन प्रश्न विचारतं आणि आपण त्यांचं एकच उत्तर देऊन टाकतो. पहिला, "आवडली का?" दुसरा, "वापरतेस ना?" पहिल्याचं उत्तर पुष्कळदा खरोखरच "हो" असतं, निदान त्यातलं काहीतरी आवडलेलं असतंच. गडबड दुसऱ्या प्रश्नावर होते. आणि मराठीत त्या दुसऱ्या प्रश्नातून निसटायला तयार वाक्यं आहेत, आपण ती विचार न करता वापरतो. "अगं, जपून ठेवलीय." "इतकी छान वस्तू रोज वापरायची कशाला?" "सणासुदीला काढू." यातलं एकही धड खोटं नाही, म्हणूनच ती सोपी जातात. पण ऐकणाऱ्या माणसाला त्यातून जे कळतं ते खोटं असतं. ते वाट बघत राहतं.

दुकानातून आणलेल्या वस्तूचं मला इतकं अवघड वाटत नाही. लग्नाच्या आहेरात तर आपण ती सोय करूनच ठेवली आहे. ब्लाउजपीस आणि टॉवेल-टोपी या घरातून त्या घरात फिरत राहतात आणि त्यात कुणाचा अपमान नसतो. काकांनी ॲल्युमिनियमचा कुकर दिला तेव्हा मी तिथंच म्हणाले, "काका, आमच्याकडे इंडक्शनची शेगडी आहे, त्यावर हा तापणार नाही." त्यांनी पावती काढून दिली, मी स्टीलचा आणला, झालं. हातानं केलेल्या वस्तूला पावती नसते. तिच्यात माणसाचे दिवस गेलेले असतात आणि ते बदलून मिळत नाहीत.

म्हणून मी आतेभावाला एवढंच लिहिलं, "मिळाली. मी पसरून बघत बसलेय. सकाळी आत्याशी बोलते." फोटो पाठवला तो कोपऱ्यातल्या हिरव्या तुकड्याचा.

रात्री वहीच्या मागच्या पानावर मी काय बोलायचं ते लिहून बघितलं. आत्याला कमी ऐकू येतं, फोनवर लांबलचक वाक्य तिच्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा वाक्यं छोटी हवी होती. पहिलं लिहिलं: "आत्या, वाकळ फार सुंदर झालीय, पण..." तो "पण" मी खोडला. "पण"च्या आधीचं सगळं माणूस विसरून जातं, पुढचं तेवढं लक्षात ठेवतं. आणि आधीचं कौतुक मग कडू गोळीवरच्या गुळासारखं वाटतं. मग मी क्रम उलटा केला. आधी नकार सांगायचा, एका वाक्यात, कारणासकट. ते संपलं की मग वाकळीबद्दल बोलायचं, सावकाश, आणि त्यानंतर नकाराकडे परत यायचं नाही. दुसरं, "डॉक्टर नको म्हणाले" हे वाक्यही मी खोडलं. ते खरं होतं. तरी त्यात मी डॉक्टरांच्या आड उभी राहत होते. आत्यानं शिवलं होतं माझ्या लेकीसाठी, तर उत्तरही मीच द्यायला हवं होतं.

सकाळी साडेदहाला फोन केला. त्या वेळी धारा आणि स्वयंपाक उरकून ती ओसरीवर बसलेली असते, हे मला माहीत आहे. नातवाला म्हटलं, स्पीकर बंद कर आणि आजीच्या कानाला लाव. शेजारच्या बायांसमोर तिला हे ऐकावं लागू नये.

"पांघरली का गं पोरीनं?" तिनं नमस्काराच्याही आधी विचारलं.

"नाही आत्या. तिला नाही पांघरता येणार. तिचा दमा आहे ना, जाड पांघरुणानं तो वाढतो. मलाही तिच्या अंगावर घालायची फार इच्छा होती."

पलीकडून काहीच आलं नाही. मला वाटलं फोन कटला. मग ती म्हणाली, "मी समदी लुगडी धुऊन घेतलीती गं. सोड्यात उकळून. दोन दिस उन्हात टाकलीती."

हे मी वहीत लिहिलं नव्हतं. मी धुळीचा शब्दसुद्धा काढला नव्हता, तरी आत्याला ऐकू आलं ते हे की तुझी वाकळ घाण आहे. ॲलर्जी म्हणजे अस्वच्छता असं जुन्या माणसांच्या मनात घट्ट असतं, आणि जिनं आयुष्यभर अंगण सारवून घर लख्ख ठेवलं तिच्या जिव्हारी ते लागणारच. इथं कौतुकाकडे वळले असते तर तो घाव तसाच राहिला असता. मी म्हणाले, "आत्या, तुझ्या वाकळीत घाण नाही. हे प्रत्येक घरातल्या गादीत असतं, कितीही धुतलं तरी. आमच्या घरात जास्त होतं. मी तिची कापसाची गादी काढून टाकली, उशी टाकली, माझ्या आईनं शिवलेली दुलईपण काढली. हॉलमधला गालिचा गेला. तुझी वाकळ आली म्हणून नाही, दोन वर्षांपासून असंच आहे."

"आईची दुलई पण?"

"हो. आईची पण."

ती थोडी हलली असावी, बाज करकरली. "मग मला आधी सांगायचं न्हाय व्हय? दिवाळीत सांगायचं."

ती बरोबर होती. दिवाळीत ती रात्री दोनदा उठून आली होती आणि मी "थंडीचा खोकला" म्हणून विषय संपवला होता. नातेवाइकांत मुलीच्या दम्याची चर्चा नको, म्हणून. "चुकलं माझं," मी म्हणाले. "तेव्हा सांगितलं असतं तर तुझे चार महिने वाचले असते." त्यावर ती काही बोलली नाही. मीही घाई केली नाही.

मग मी वाकळीबद्दल बोलले. आजीचं लुगडं मी ओळखलं, ठिणगीच्या रफूवरून, हे सांगितलं. "ते घावलं व्हय तुला?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा बदलला. तो तुकडा मुद्दाम वर घेतला होता, म्हणाली, आत दडला असता. धोतर आजोबांचंच ना, विचारलं, तर म्हणाली, पंढरीला नेसून जायचे ते. वीतभरात बावीस टाके मोजले, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "आधी तीस बसायचं." मी म्हणाले, मधली एक ओळ वर चढलीय, तिथं मी बोट फिरवत बसले होते. त्यावर ती गप्प झाली आणि मला वाटलं हे बोलायला नको होतं. पण मला ती ओळ खरोखर आवडली होती आणि मी फक्त खरंच बोलायचं ठरवलं होतं.

"धन्यवाद" हा शब्द मी उच्चारला नाही. आत्याला "धन्यवाद" म्हणणं म्हणजे तिला सभेत बसवल्यासारखं. आमच्याकडे आभार शब्दात नसतात, काय पाहिलंस ते सांगण्यात असतात, "कशाला एवढा त्रास घेतलास" अशा रागावण्यात असतात. मी तेही म्हणाले, "डोळ्याला त्रास देऊन कशाला बसलीस एवढी?" आणि ते मनापासून होतं.

शेवटी मी विचारलं, "आत्या, वाकळ कुठं राहावी असं तुला वाटतं?" हे विचारायचं रात्रीच ठरवलं होतं. कुणाला देऊन टाकायचा मला अधिकार नाही असं नाही, भेट माझी झाली होती. पण मी परस्पर दिली असती तर दोन वर्षांनी कुणाच्या तरी घरी ती तिच्या नजरेला पडली असती, आणि मला मामींच्या तोरणावरच्या त्या तीन आडव्या खुणा आठवल्या.

"ठिवते आता," ती म्हणाली. "दूध तापतंय." आणि फोन बंद झाला.

सगळं नीट बोलूनही तिला लागलं होतं. चार दिवस फोन नाही, ती एरवी गुरुवारी हटकून करते. खरं गोड करून सांगितलं की कुणी दुखावत नाही, असं मी म्हणणार नाही. दुखावतं. चार महिने एका डोळ्यानं शिवलेली वस्तू परकी झाली तर कुणाला लागणार नाही? त्या चार दिवसांत पुन्हा फोन करून "अगं, राग आला का?" म्हणण्याचा मोह मला बऱ्याचदा झाला. नाही केला. तो फोन माझ्या समाधानासाठी झाला असता, आणि तिला आणखी एकदा "न्हाय गं, कशाचा राग" असं म्हणावं लागलं असतं. म्हणजे खोटं बोलायची पाळी मी तिच्यावर आणली असती.

फक्त गाठोड्याचं पांढरं फडकं मी धुऊन, इस्त्री करून ठेवलं होतं, ते गावाकडे निघालेल्या एकाजवळ दिलं. डबा असो की फडकं, रिकामं परत करू नये, म्हणून त्यात किलोभर साखर, चहाची पूड आणि एक पुडी. पुडीत मोठ्या नेढ्याच्या सुया होत्या, अशा की वरून दोरा दाबला की आपोआप आत सरकतो. लक्ष्मी रोडला शिवणाच्या सामानाच्या दुकानात मिळतात. चिठ्ठी वगैरे काही नाही.

पाचव्या दिवशी फोन आला. साखर मिळाली, म्हणाली. सुया बारीक आहेत, जाड कापडात मोडतील, पण ब्लाउजला चालतील. मग थांबून म्हणाली, "वाकळ आप्पाला दे."

आप्पा म्हणजे माझे वडील, तिचा धाकटा भाऊ. ते आणि आई साताऱ्यात राहतात. मला हे सुचायला हवं होतं, आजीचं लुगडं म्हणजे आप्पांच्या आईचं. पण मला सुचून मी दिली असती तर ती माझी वाट झाली असती. ही तिची होती.

चैत्रात चुलतभावाच्या लग्नात सगळे जमले. पंगतीत आत्या मोठ्यानं म्हणाली, "हिच्या पोरीला माझी वाकळ न्हाय चालली." दोन-तीन बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते टोचलं. पण उत्तर द्यायला मला काही आठवावं लागलं नाही, कुणाला काय सांगितलं होतं ते जुळवावं लागलं नाही. "नाही चालली," मी म्हणाले, "तिच्या दम्याला. आप्पा पांघरतात." आत्या पुढचं वाक्य स्वतःच बोलली, "पोरीच्या अंथरुनात कापूस बी चालत न्हाय. हिनं सोताच्या आईची दुलई काढली." तिनं ते असं सांगितलं की जणू ती दोन वर्षं माझ्या घरात राहून हे सगळं बघत होती.

मे महिन्यात लेकीला घेऊन साताऱ्याला गेले तेव्हा आत्या तिथंच होती. दुपारी आप्पांच्या खाटेवरची वाकळ तिनं गॅलरीत उन्हाला काढली आणि चष्मा लावून खाली बसली. हाताला कात्री होती. बघते तर मधली ती वर चढलेली ओळ ती उसवत होती.

"आत्या, राहू दे ना ती."

"त्या दिशी लाईट गेलीती," ती म्हणाली. "सूर्य मावळला आन् हातात ओवलेली सुई व्हती, म्हनून रेटलं."

"मला आवडली होती ती ओळ. फोनवर सांगितलं होतं मी."

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुला आवडली म्हनून ठिवू व्हय? वाकडी ती वाकडी." मग दारात लांब उभ्या असलेल्या माझ्या लेकीला म्हणाली, "तू हिकडं येऊ नगंस, तिथंच बस. ह्या सुया घे. धा वव."

लेक उंबऱ्यावर बसली आणि सुई उजेडाकडे धरून, ओठ मुडपून, पहिला दोरा ओवू लागली.